फॉल्स सीलिंगमध्ये रात्री कोण फिरतंय?

मंजिरी_नाशिक | ८ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. आम्ही गंगापूर रोडला राहतो. घर १९८८ सालचं, वरच्या मजल्यावर उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर. २०१९ मध्ये त्याच्या खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घेतलं, दिसायला छान झालं, आणि आता त्याची किंमत मोजतोय.

गेले तीनेक आठवडे रोज रात्री साडेसात-पावणेआठला हॉलच्या छतावर कोणीतरी चालल्याचा आवाज येतो. उंदरांची खुडबुड नव्हे, चांगले जड पाय. धप, धप, मग काहीतरी घासल्यासारखं, की शांत. परत पहाटे चार-साडेचारला तोच प्रकार उलट दिशेने. सासूबाई म्हणतात मुंगूस आहे, कारण मागच्या कुंपणाशी त्यांनी दोनदा पाहिलंय. अहो म्हणतात बोका.

दुसरं म्हणजे वास. कोपऱ्यातल्या एसीच्या वर पिवळट-तपकिरी डाग पडलाय आणि तिथे कधी आंबेमोहोर भात शिजत असल्यासारखा वास येतो, कधी अगदी नको असा उग्र. कुकर बंद असताना भाताचा वास आला की दचकायला होतं हो.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, डांबरगोळ्या टाकू, नाहीतर "औषध" ठेवू. मला मारायचं नाहीये. काय करावं?

भद्रकालीचा_भाऊ | ८ मार्च, रात्री ११:४१

ताई, नाशिकमध्ये लोकांच्या अंगणात बिबट्या येतो आणि तुमच्याकडे नुसता बोका. नशीबवान आहात.

शिरीष_देवळाली | ९ मार्च, सकाळी ७:०५

भाताचा वास म्हणजे साप. आमच्या गावाकडे सगळ्यांना माहीत आहे. तांदळाचा वास आला की नाग-धामण जवळपास असते. कौलारू घर आहे, उंदीर असणार, त्यांच्यामागे धामण येणारच. आधी सर्पमित्राला बोलवा, मग बाकीचं.

पंचवटीची_आजी | ९ मार्च, सकाळी ९:३०

अगं मंजिरी, ते उदमांजर आहे. आमच्या वाड्याच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होतं. आम्ही पोरं त्याला कांडेचोर म्हणायचो. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला की वर पावलं वाजायची आणि आई म्हणायची, "निघाली स्वारी." माळ्यावर उंदीर म्हणून दिसायचा नाही. तेव्हा सीलिंग नव्हतं, माळा होता, त्यामुळे डागबिग कोणी पाहिले नाहीत. तुमच्या पिढीने छताला पांढरी साडी नेसवली, म्हणून डाग दिसतो.

कार्तिक_सिडको | ९ मार्च, सकाळी १०:१२

उदमांजर आहे ना? मग ऊद घाला संध्याकाळी. नावातच उपाय आहे.

(पळतो.)

रानभूल | ९ मार्च, दुपारी १:५०

मी जखमी वन्यप्राण्यांच्या मदतीचं काम बारा वर्षं करतोय, त्यातले निम्मे फोन छतावरच्या पावलांचेच असतात. मंजिरीताई, तुम्ही दिलेली वेळच उत्तर सांगते. मुंगूस दिवसाचं जनावर. सूर्य मावळला की ते बिळात, लाकडांच्या ढिगात, फार तर जिन्याखाली जाऊन झोपतं. सासूबाईंनी कुंपणाशी पाहिलं ते मुंगूसच असेल, पण ते रात्री पावणेआठला वरच्या मजल्यावर चालायला निघत नाही. बोका येतो-जातो, पण त्याला घड्याळ नसतं. तिन्हीसांजेनंतर बाहेर आणि उजाडायच्या आत परत, हे वेळापत्रक उदमांजराचं.

शिरीषदादा, सापाचं काही धपधप वाजत नाही. भाताच्या वासाची समजूत मीही लहानपणापासून ऐकलीय. पण ज्या ज्या घरात "बासमतीचा वास येतो" म्हणून मला बोलावलं, तिथे वर उदमांजराच्या मुताची जागा सापडली. ताजं असताना सुगंधी तांदळासारखं, साचून कुजलं की डोळे चुरचुरतील असं. मंजिरीताईंनी दोन्ही वास लिहिलेत, म्हणजे जागा बरेच दिवस वापरात आहे.

आता एक काम करा. दिवसा गच्चीच्या कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, कंपाउंडच्या भिंतीवर विष्ठा दिसते का पाहा. उदमांजर उघड्यावर, उंचावर, ठरलेल्या जागी विष्ठा टाकतं आणि तीत बिया अख्ख्या असतात. हात लावू नका, काडीने बघा.

शिरीष_देवळाली | ९ मार्च, दुपारी २:१५

बारा वर्षं तुमची, पन्नास वर्षं माझ्या गावाची. पण धपधपचं पटलं.

अनघा_म | ९ मार्च, दुपारी ४:००

मला मुंगूस पाळायचं आहे, मुलाला सापांची भीती वाटते. नाशिकमध्ये कुठे मिळेल?

रानभूल | ९ मार्च, दुपारी ४:२२

कुठेही मिळणार नाही आणि मिळालं तर घेऊ नका. मुंगूस काय, उदमांजर काय, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पाळणं, पकडणं, मारणं सगळं गुन्हा. त्या पेस्ट कंट्रोलवाल्याचं "औषध" त्यातच मोडतं.

मंजिरी_नाशिक | ११ मार्च, रात्री ९:१०

रानभूलदादा, सापडलं! टाकीच्या झाकणावर वीतभर लांब लेंडं, आणि त्यात चिकूच्या काळ्या चकचकीत बिया, धुऊन ठेवल्यासारख्या. मी काडीने मोजल्या, अकरा. शेजारच्या काकांच्या चिकूवर कोण ताव मारतंय हे आज कळलं, ते गेले वर्षभर वॉचमनवर संशय घेतायत.

अहोंनी आज पावणेआठला गॅलरीत अंधारात उभं राहून पाहिलं. मागच्या कोपऱ्यात, पन्हळीशेजारी एक कौल सरकलंय. तिथून आधी तोंड बाहेर, मग बराच वेळ नुसतं बघणं, मग लांबलचक काळपट अंग, आणि संपायलाच तयार नाही अशी शेपटी. पाइप धरून खाली न जाता उंबराच्या फांदीवर गेलं. आता ते बाहेर गेलं की कौल सारून टाकायचं आणि सुट्टी, बरोबर ना?

कार्तिक_सिडको | ११ मार्च, रात्री ९:१८

त्या बिया जपून ठेवा. कॉफीच्या असत्या तर परदेशात सोन्याच्या भावाने गेल्या असत्या. चिकूलाही कोणीतरी गिऱ्हाईक भेटेल.

सातपूर_फॅब्रिकेशन | ११ मार्च, रात्री १०:०५

नुसतं कौल सारून काही होत नाही ताई. मंगलोरी कौल ते नाकाने ढकलून बाजूला करतं. कौलाच्या खाली, वळचणीच्या कडेने पूर्ण लांबीला जाळी लागते. अर्ध्या इंचाची जीआय वेल्डमेश घ्या, चिकनजाळी घेऊ नका, ती दोन पावसात गंजते आणि दातानेही वाकते. जाळी भिंतीला पट्टी मारून स्क्रूने बसवायची, नुसत्या तारेने बांधायची नाही. आणि फोम मारून भोक बुजवणाऱ्याला घरात घेऊ नका. फोम ते कुरतडून काढतं.

रानभूल | ११ मार्च, रात्री ११:३०

थांबा, कौल सारू नका अजून! आधी वर पिल्लं नाहीत ना याची खात्री करा. दुपारी सगळं शांत असताना सीलिंगखाली स्टूल घेऊन कान लावा. आई बाहेर गेल्यावर, म्हणजे आठ-साडेआठलाही ऐका. बारीक चिरचिर किंवा मांजरीच्या पिल्लासारखं कुईकुई आलं तर भोकाला हात लावायचा नाही.

मंजिरी_नाशिक | १४ मार्च, सकाळी ६:१५

दादा, तुमचं उत्तर वाचायच्या आधीच अहोंनी गवंड्याला आणून घोळ घातला होता. परवा रात्री मांजर बाहेर पडल्यावर कौल सारलं, सिमेंटचा पट्टा मारला. काल रात्री काय झालं ते सांगते.

दीड वाजता खरवडण्याचा आवाज. वर कौलांवर धावपळ, एक कौल खाली अंगणात पडून फुटलं. आणि हॉलच्या सीलिंगमधून, अगदी एसीच्या वरून, बारीक आवाज. आधी एकाचा, मग दोघांचा. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, लेकुरवाळी आहे ती. उघडा आधी." अहो टॉर्च घेऊन शिडीवर. ओलं सिमेंट अजून पुरतं घट्ट झालं नव्हतं म्हणून बरं, छिन्नीने दहा मिनिटांत निघालं. ते खाली उतरल्यावर पाचच मिनिटांत वर पावलं वाजली आणि पिल्लं गप्प झाली. आम्ही तिघंही नंतर झोपलो नाही.

आता काय करू?

पंचवटीची_आजी | १४ मार्च, सकाळी ८:००

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

रानभूल | १४ मार्च, सकाळी ८:४०

सासूबाईंमुळे मोठं नुकसान टळलं. आई बाहेर राहिली असती तर तिने आत शिरायला अर्धं छप्पर उपसलं असतं. नसती शिरू शकली तर पिल्लं दोन-तीन दिवसांत वर मेली असती. मग तो वास महिनाभर गेला नसता, आणि सीलिंग कापून काढावंच लागलं असतं. दर वर्षी अशी दोन-तीन घरं मी बघतो. लोक म्हणतात "मांजर गेलं, पण वास वाढला."

आता वाट पाहायची. आवाजावरून पिल्लं आठवडा-दोन आठवड्यांची वाटतात. ती साधारण दोन महिन्यांची झाली की आईमागे बाहेर यायला लागतात. म्हणजे एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा. तोवर सीलिंगच्या आतल्या वायरिंगची तेवढी काळजी घ्या. एसीच्या वायरी उघड्या असतील तर पाइपमध्ये घालून घ्या, इलेक्ट्रिशियनला दिवसा पण लवकर उरकायला सांगा.

भद्रकालीचा_भाऊ | १४ मार्च, सकाळी ९:१०

दीड महिना? वनखात्याला फोन करा, १९२६ वर. पिंजरा लावतील, धरतील, त्र्यंबकच्या जंगलात सोडतील. माझ्या मेव्हण्याकडे असंच केलं होतं कोणीतरी.

रानभूल | १४ मार्च, सकाळी १०:२५

१९२६ वर फोन जरूर करा, ताईंनी सुरुवातीलाच केला असता तर चांगलंच होतं. जखमी असेल, घरात खोलीत अडकलं असेल तर तोच रस्ता. पण चांगला अधिकारी तुम्हालाही हेच सांगेल, की छतातल्या निरोगी जनावराला उचलून दूर सोडू नये. तिकडे आधीच दुसऱ्याचा इलाखा असतो, अन्नपाण्याची जागा माहीत नसते. इकडे भोक तसंच राहतं, आणि वासावरून दुसरं उदमांजर येतं. भाऊ, मेव्हण्यांच्या छतात आता काय आहे ते विचारा.

भद्रकालीचा_भाऊ | १४ मार्च, सकाळी १०:५१

विचारलं. "पुन्हा आलंय बहुतेक" म्हणाला. बहुतेक!

वैद्य_राणे | १४ मार्च, दुपारी १२:३०

वर उजेड ठेवला तर आई स्वतःच पिल्लं दुसरीकडे हलवते असं वाचलंय. एक बल्ब लावून ठेवा, रेडिओ लावा. दोन दिवसांत रिकामं.

रानभूल | १४ मार्च, दुपारी १:०५

कधी होतं, कधी नाही. तिच्याकडे दुसरी जागा असेल तर हलवते. जोरात त्रास दिला तर एखादं पिल्लू मागे राहतं, हा धोका आहे. एलईडीचा छोटा दिवा ठेवून बघायला हरकत नाही, साधा बल्ब मात्र नको, सीलिंगमध्ये तापतो.

मंजिरी_नाशिक | १९ मार्च, रात्री १०:४५

दिव्याचा निकाल. एसीच्या ट्रॅपडोअरमधून हात घालून अहोंनी पाच वॅटचा एलईडी ठेवला, तीन दिवस चालू. आईने पिल्लं हलवली, अगदी वैद्यकाका म्हणाले तसं. हॉलच्या वरून आमच्या बेडरूमच्या वर. आता पहाटे चारला ती बरोब्बर डोक्यावर येते.

दिवा काढला.

कार्तिक_सिडको | १९ मार्च, रात्री १०:५०

थ्री बीएचके सीलिंग आहे, तिचं काय चुकलं.

स्मिता_इंदिरानगर | २१ मार्च, सकाळी ११:००

आमचाही अनुभव लिहिते. आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये वरून फिस्स फिस्स असा आवाज यायचा, रात्री आठनंतर. आम्ही चार दिवस साप समजून घाबरलो, मग उदमांजर समजलो. निघालं घुबड. पांढऱ्या तोंडाची गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं, डक्टच्या वरच्या फटीत. तेव्हा आवाज नीट ऐका. चालण्याचा आहे की फुत्काराचा, यात फरक आहे. तसंच कुरतडण्याचा आवाज आणि तांदळाएवढ्या लेंड्या दिसल्या तर उंदरांचं काम.

शिरीष_देवळाली | २१ मार्च, सकाळी ११:३५

पुन्हा एकदा साप निघाला नाही. नाराजीने नोंद घेतो.

मंजिरी_नाशिक | ३ मे, रात्री ९:००

मंडळी, बातमी आहे. गेल्या मंगळवारपासून पावणेआठला आई एकटी निघत नाही. आज मोजली. आई, आणि मागे तीन. कौलांच्या कडेला ओळीत बसली, धाकट्याने उंबराची फांदी धरायला घेतली आणि मागे आला, पुन्हा धरली, पुन्हा मागे. आई पलीकडून वळून बघत होती, ओरडली नाही काही नाही. चौथ्या वेळी गेलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग मीच त्यांना गप्प केलं.

आता जाळीचं सांगा.

सातपूर_फॅब्रिकेशन | ३ मे, रात्री १०:१०

ताई, दोन टप्प्यांत करा. आधी मुख्य भोक सोडून बाकी सगळी वळचण जाळीने बंद. तुमची मागची बाजू किती लांब आहे?

मंजिरी_नाशिक | ३ मे, रात्री १०:२०

चौतीस फूट. बाजूला शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आठ फूट.

सातपूर_फॅब्रिकेशन | ३ मे, रात्री १०:५५

मग एक फूट रुंदीची बेचाळीस फूट जाळी, वर चार-पाच फूट जास्त घ्या, कोपऱ्यात चढत्या लागतात. भोकावर मी एकतर्फी झडप करून देतो. वेल्डमेशची साधारण दोन फुटांची बोगदी, आतून आठ बाय आठ इंच. बाहेरच्या तोंडाला ॲक्रिलिकचा हलका पत्रा, वरच्या कडेला ढिल्या कड्यांवर लटकवलेला, बाहेरच उघडणारा. खालची कड चौकटीच्या दीड-दोन इंच खाली यायला हवी, नाहीतर बाहेरून नख घालून उचलतं. लोखंडी पत्रा लावू नका, जड होतो आणि ढकलताना आवाज करतो, जनावर मागे फिरतं.

रानभूल | ३ मे, रात्री ११:३०

बोगदी बसवली तरी पहिल्या तीन रात्री झडप दोरीने वर बांधून ठेवा. त्यांना नवीन वस्तूची सवय होऊ द्या, नाहीतर आई आतच थांबेल आणि उपाशी राहील. तीन रात्री सगळी निर्धास्त आत-बाहेर करायला लागली, की चौथ्या दिवशी झडप सोडायची. आणि पिल्लं मोठी असली तरी चारही बाहेर पडताना डोळ्यांनी मोजायची. "गेली असतील" चालत नाही.

वैद्य_राणे | ४ मे, सकाळी ८:१५

इतका खर्च कशाला? चारही रात्री बाहेर मोजली की लगेच जाळी ठोकून टाका. झडपेची गरज काय?

रानभूल | ४ मे, सकाळी ९:००

मोजणी शंभर टक्के पक्की असेल तर तेही चालतं, मी नाही म्हणत नाही. पण रात्री अंधारात चार काळी जनावरं काळ्या कौलांवर मोजताना चूक होते. झडपेत चूक झाली तर मागे राहिलेलं स्वतः बाहेर पडतं. ठोकलेल्या जाळीत झाली तर आत मरतं. मला झडप बरी वाटते, बाकी घर ताईंचं.

मंजिरी_नाशिक | १७ मे, रात्री ८:३०

सगळं झालं, सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल.

७ तारखेला जाळी. त्या दिवशी कळलं की भोक एकच नव्हतं. पन्हळीच्या दुसऱ्या टोकाला, शेजाऱ्यांच्या भिंतीशी, वीतभर फट, कडेला तेलकट काळा डाग आणि चिकटलेले केस. तीही वापरातली होती. फॅब्रिकेशनदादांनी ती आधी बंद केली, नाहीतर झडप लावून काही उपयोग नव्हता. सायंकाळपर्यंत काम संपवलं, मुख्य भोक उघडंच. ८, ९, १० झडप वर बांधलेली. पहिल्या रात्री आईने बोगदीला तोंड लावलं आणि परत आत गेली, साडेनऊला पुन्हा आली आणि एका दमात बाहेर पडली. पिल्लं मात्र लगेच. ११ ला झडप सोडली. चारही बाहेर पडली, मी आणि अहोंनी वेगवेगळ्या गॅलऱ्यांतून मोजली, दोघांचेही चार. पहाटे साडेचारला आई आली, झडपेला हुंगलं, नख लावलं, बाजूची जाळीही चाचपली, आणि दहा मिनिटांनी उंबराकडे निघून गेली. १२ ला पुन्हा आली. १३ पासून नाही.

रानभूलदादांनी सांगितलं म्हणून झडपेच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचा बोळा हलकाच अडकवून ठेवला होता. आत कोणी असतं तर बोळा ढकलून बाहेर आलं असतं. चार रात्री बोळा जागच्या जागी होता. काल बोगदी काढून तिथे जाळी लावली. जाळी, झडप, मजुरी सगळं धरून साडेसहा हजार. सीलिंगचा खर्च वेगळा, तो अजून बाकी आहे.

पंचवटीची_आजी | १७ मे, रात्री ९:०२

आणि आता उंदीर येतील.

सलील_म्हसरूळ | १८ मे, सकाळी ९:४०

उंबराची फांदी तोडून टाका, मूळ कारण तेच. छपरापासून सहा-सात फूट मोकळं ठेवा.

मंजिरी_नाशिक | १८ मे, सकाळी १०:१५

झाड शेजाऱ्यांचं आहे. शिवाय छाटणीला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते म्हणे. आणि शेजारचे काका तयार नाहीत, त्यांना वाटतं, उंबर गेला तर मांजर त्यांच्या चिकूवरच मुक्काम ठोकेल. कदाचित बरोबर असतील.

स्मिता_इंदिरानगर | १८ मे, दुपारी १:००

डागाचं काय केलंत? आमच्याकडे घुबडांनंतर तीन हात रंग मारला, पहिल्या पावसात डाग पुन्हा वर.

सातपूर_फॅब्रिकेशन | १८ मे, दुपारी २:३०

पाण्याच्या प्रायमरवर तो डाग येणारच, मूत त्यात विरघळून वर येतं. भिजून फुगलेला भाग कापून नवीन तुकडा बसवा. डाग कोरडा आणि पीओपी टणक असेल तर ऑइल बेस्ड प्रायमर, मग रंग. आणि कापायच्या आधी वरची घाण आधी ओली करून घ्या, सुकी झाडू नका, धूळ नाकात जाते. मास्क, हातमोजे.

वैद्य_राणे | १८ मे, दुपारी ३:१०

ब्लीच टाका सरळ, जंतू मरतील.

स्मिता_इंदिरानगर | १८ मे, दुपारी ३:४०

काका, मुतावर थेट ब्लीच टाकू नका! त्यात अमोनिया असतो, घुसमटवणारा वायू येतो. माझी बहीण याच कारणाने बाथरूममधून खोकत बाहेर आली होती. आधी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून काढा, नंतर काय ते.

मंजिरी_नाशिक | २६ जून, रात्री १०:००

पहिला जोरदार पाऊस झाला. दमट हवेत एसीच्या कोपऱ्यात भाताचा वास पुन्हा. आतून काही आवाज नाही, बोळ्याची चाचणी पुन्हा केली, जाळी जशीच्या तशी. म्हणजे लाकडी वाशांत मुरलेला वास असावा. वासे साबणाने पुसले, तरी आहेच. कोणाला यावर उपाय माहीत असेल तर सांगा.

आणि हो, शेजारच्या काकांच्या गॅरेजच्या पत्र्यावर काल चिकूच्या बिया होत्या.

शिरीष_देवळाली | २६ जून, रात्री १०:२५

वास्यांना कडक ऊन मिळाल्याशिवाय जायचा नाही. दिवाळीनंतर एकदा कौलं उतरवून बघा. उतरवताना सांभाळून, खाली धामण असू शकते.